केकमध्ये बटरमिल्कऐवजी दूध-लिंबू: कधी चालतं, कधी नाही

प्रश्न: एगलेस केकच्या रेसिपीत १ कप बटरमिल्क आहे. फ्रीजमधल्या दुधात लिंबू पिळून पंधरा मिनिटं ठेवलं, पण दूध नीट फाटलंच नाही. हेच वापरू का? की सरळ घरचं ताक घालू?

वापरा, ओतून देऊ नका. रस मोजून घातला असेल तर तुमच्या भांड्यात जे आहे ते केकसाठी तयार आहे, दिसायला कसंही दिसो.

दूध फाटणं हे इथलं काम नाहीच. केकला हवा असतो तो आंबटपणा, कारण रेसिपीत खायचा सोडा आहे आणि सोड्याला फुगायला आंबट काहीतरी लागतं. आंबट आणि सोडा ओल्या पिठात एकत्र आले की वायू सुटतो, त्याचे बुडबुडे पिठात अडकतात आणि ओव्हनच्या उष्णतेने केक वर येतो. रस दुधात उतरला की आंबटपणा आला. त्याच्या गुठळ्या झाल्या काय, नुसतं जरासं दाटसर झालं काय, सोड्याला काही फरक पडत नाही. फ्रीजमधलं गार दूध फार हळू फाटतं, म्हणून तुम्हाला काही झालंच नाही असं वाटलं. तेच दूध खोलीच्या तापमानाला आणून रस घातला असता तर पाच-दहा मिनिटांत कडेला बारीक कण दिसले असते.

उलटी चूक जास्त महागात पडते, आणि ती मी केलेली आहे. दूध फाटावं म्हणून कोमट करून घेतलं, ते कोमटपेक्षा बरंच गरम होतं. रस पडताक्षणी छेना वेगळा आणि हिरवट पाणी वेगळं. ते ढवळून केकमध्ये घातलं तर पिठात पनीरचे दाणे तसेच राहिले आणि कापल्यावर पांढरे ठिपके दिसत होते. म्हणून दूध उकळून पूर्ण गार झालेलं, साय काढलेलं आणि हाताला ना गार ना गरम लागेल असं घ्यावं.

प्रमाण असं: मापाच्या कपात आधी १ टेबलस्पून, म्हणजे १५ मिली, लिंबाचा रस गाळून घ्या आणि वरून २४० मिलीच्या खुणेपर्यंत दूध ओता. एकदा ढवळा, दहा मिनिटं ठेवा, वापरायच्या आधी पुन्हा ढवळा. घरातला पोह्यांचा चमचा बहुतेक वेळा १५ मिलीपेक्षा लहान भरतो, तेव्हा मापाचा चमचा नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं झाकण वापरा, त्यावर मिलीच्या खुणा असतात. ‘अर्धं लिंबू पिळा’ या हिशोबावर जाऊ नका. उन्हाळ्यातलं लिंबू आणि पावसाळ्यातलं लिंबू यांच्या रसात दुपटीचा फरक पडू शकतो. लिंबू नसेल तर तेवढंच साधं पांढरं व्हिनेगर चालतं. चॉकलेट केकमध्ये मी व्हिनेगरच घेते, कारण कोकोपुढे त्याची चव लागत नाही. व्हॅनिलात मात्र लिंबू बरं.

आता खरा मुद्दा, जो या दूध-लिंबाच्या टिपेबरोबर कुणी सांगत नाही. परदेशात दुकानात मिळणारं बटरमिल्क म्हणजे कमी स्निग्ध दुधाला विरजण लावून मुरवलेलं, दाटसर, चांगलं आंबट. त्याचा एक कप साधारण अर्धा टीस्पून सोडा पुरता खपवतो. तुमच्या दूध-लिंबाच्या कपात आंबटपणा त्याहून कमी असतो. आपलं कागदी लिंबू तिकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबापेक्षा जास्त आंबट, म्हणून आपल्याकडे फरक थोडा भरून निघतो. तरी एक टेबलस्पून रसात पाव टीस्पूनाच्या थोडं वर, एवढाच सोडा खपतो असं धरून चाला. रेसिपीत अर्धा टीस्पून असेल तर थोडा सोडा उरतो.

उरलेला सोडा कुठे दिसतो ते एकदा पाहिलं की विसरत नाही. एका रेसिपीत १ कप बटरमिल्कला १ टीस्पून सोडा होता. मी बटरमिल्कऐवजी दूध-लिंबू घेतलं आणि सोडा तेवढाच ठेवला. केक फुगला भरपूर, पण आत पिवळट तपकिरी झाला आणि जिभेवर साबणासारखी चव आली. खात्री करायला मी त्याचा एक तुकडा पाण्याने ओला करून वर चिमूटभर हळद टाकली. दोन मिनिटांत ती कुंकवासारखी लाल झाली. ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके पडतात ना, तेच हे. हळद पिवळी राहिली तर सोडा खपला, लाल झाली तर उरला. तुमच्या केकची चव कधी विचित्र लागली तर ही परीक्षा करून पाहा, दोष सोड्याचा की आणखी कशाचा ते लगेच कळतं.

तुमच्यासारख्या एगलेस केकचा हिशोब मांडून दाखवते. मैदा दीड कप, साखर पाऊण कप, तेल अर्धा कप, बटरमिल्क १ कप, बेकिंग पावडर १ टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून, व्हॅनिला. दूध-लिंबू वापरायचं ठरलं की मी दोन गोष्टी बदलते. सोडा पाव टीस्पून आणि वर एक चिमूट, एवढाच घेते, आणि गेलेल्या सोड्याची भर म्हणून बेकिंग पावडर १ टीस्पूनाऐवजी दीड करते. बेकिंग पावडरमध्ये तिचं आंबट तिच्यातच असतं, त्यामुळे ती लिंबाच्या भरवशावर नसते. दुसरं म्हणजे दूध-लिंबू पूर्ण कप ओतत नाही. आधी पाऊण कप घालते, पीठ पाहते, मग लागेल तसं चमच्या-चमच्याने वाढवते. पीठ पळीतून जाड पट्टीसारखं पडलं पाहिजे आणि पडल्यावर त्याची घडी क्षणभर दिसून मग विरली पाहिजे. पाण्यासारखं धार धरून पडलं तर जास्त झालं. मैदा, सोडा आणि पावडर एकत्र चाळून घ्यायचं, ओलं सगळं वेगळं कालवायचं, आणि दोन्ही एकत्र केल्यावर जास्त फेटायचं नाही. ओव्हन आधीच १८० अंशांवर तापलेला हवा, कारण सोड्याचं काम ओलं आणि कोरडं भेटल्याबरोबर सुरू होतं. पीठ अर्धा तास ओट्यावर राहिलं तर बुडबुडे निघून जातात आणि केक बसका होतो. सात इंची भांड्यात तीस-पस्तीस मिनिटं लागतात. मधोमध सुरी घालून पाहायची.

पीठ कमी घट्ट होतं हीच दूध-लिंबाची दुसरी मर्यादा. मुरवलेल्या बटरमिल्कला स्वतःचा दाटपणा असतो, तो लिंबाने येत नाही. केक भांड्याच्या आधाराने उभा राहतो, म्हणून तिथे निभावतं. मफिन, बनाना ब्रेड, कोकोचा केक इथेही मला कधी अडचण आली नाही. पॅनकेकला मात्र आधार नसतो. दूध-लिंबाचं पीठ तव्यावर पसरतं आणि पॅनकेक जाड होण्याऐवजी धिरड्यासारखे होतात, तेव्हा दूध दोन-तीन चमचे कमी घ्यावं लागतं. आयर्लंडचा सोडा ब्रेड तर मी दूध-लिंबाने करतच नाही. त्यात यीस्ट नसतं, फुगण्याचा सगळा भार सोडा आणि बटरमिल्कवर असतो. चवही त्याच आंबटपणाची, आणि कणीक हाताने गोळा करून तशीच ठेवायची असते. दूध-लिंबाने तो गोळा चिकट होऊन पसरतो आणि ब्रेड आत ओलसर राहतो.

रेसिपीत सोडा अजिबात नसेल आणि फक्त बेकिंग पावडर असेल तर लिंबाच्या खटपटीची गरजच नाही. तिथे बटरमिल्क चवीसाठी आणि मऊपणासाठी असतं, साधं दूध घातलं तरी केक फुगतो, फक्त थोडं कमी घाला. उलट सोडा असलेल्या रेसिपीत साधं दूध घातलं तर केक धड फुगत नाही आणि साबणाची चव येते. तेव्हा रेसिपी हातात आली की बटरमिल्क वाचून थांबू नका, आधी सोड्याची ओळ शोधा.

आता ताकाचं. आपण जेवणाबरोबर जे ताक पितो त्यात दह्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी असतं, ते केकमध्ये नको. आंबटपणाही विरळ, दाटपणाही नाही. पण घरात दही असेल तर मी दूध-लिंबाच्या वाटेला जातच नाही. पाऊण कप ताजं, जरा आंबट दही, पाव कप दूध, रवीने किंवा व्हिस्कने गुठळी राहणार नाही असं घुसळा. दाटपणा, आंबटपणा, चव, तिन्हीत हे बटरमिल्कच्या सगळ्यात जवळ जातं आणि सोडा रेसिपीत लिहिलाय तेवढाच ठेवता येतो. सोडा ब्रेडही याने छान होतो. दही घट्ट असेल तर दूध थोडं वाढवा, पातळ असेल तर दूध घालूच नका.

आणि तुमच्याकडे साय साठवून लोणी काढत असतील तर त्या दिवशी केक करा. विरजलेली साय घुसळून लोण्याचा गोळा वर आला की खाली जे राहतं तेच मूळ अर्थाने बटरमिल्क. फक्त लोणी लवकर निघावं म्हणून आपण त्यात बर्फाचं पाणी ओततो, आणि तेवढं ते ताक पातळ होतं. म्हणून पाणी अगदी बेताचं घाला, आणि ताक चाखून पाहा. जीभ आंबटाने नीट जागी झाली तर लिंबाशिवाय चालेल. मिळमिळीत लागलं तर कपाला एक टीस्पून रस घाला.

आज तुमच्या ओट्यावर जे भांडं आहे त्याचं मात्र इतकंच करा: दूध बाहेर ठेवून गारठा जाऊ द्या, ढवळा, सोडा वर सांगितल्याएवढा कमी करा आणि ओव्हन तापल्यावरच मैद्यात ओता.