तिकिटावरच्या वेळा आणि प्रवासाचे खरे तास

प्रश्न: बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला जाताहेत. तिकिटावर निघायची आणि पोचायची वेळ आहे, पण एकूण किती तास लागतील ते कुठेच लिहिलेलं नाही. ते कसं काढायचं?

उत्तर: सगळ्या वेळा एकाच गावच्या घड्याळात आणा आणि मगच वजाबाकी करा. मी मुंबईचं घड्याळ धरते, कारण आपल्याकडे ते वर्षभर तसंच राहतं. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची असते हे तुम्हाला माहीत असेलच. माझ्या दादालाही माहीत होतं, तरी त्याने चूक केली.

जानेवारी २०२४ मध्ये आई पुण्याहून माझ्याकडे आली. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. तिकीट दादाने एका एजंटकडून काढलं होतं. एजंटने दिलेल्या कागदावर फक्त वेळा होत्या: मुंबईहून पहाटे २:५०, फ्रँकफर्टला ७:५५, तिथून १०:३०, सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी १२:४५. तारीख सगळीकडे एकच. दादाने पहिली आणि शेवटची वेळ बघितली आणि आईला सांगितलं, "दहा तासांचा प्रवास आहे, झोपलीस की पोचलीस." आईला मधुमेह आहे, सकाळी आठला आणि रात्री आठला जेवणाआधी गोळी लागते. दहा तासांत एकच लागेल म्हणून दादाने तिच्या पर्समध्ये एकच गोळी ठेवली. बाकीचं औषध चेक-इनच्या बॅगेत गेलं.

आता हेच मुंबईच्या घड्याळात बघा. जानेवारीत फ्रँकफर्ट आपल्या साडेचार तास मागे असतं, सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा तास मागे. म्हणून फ्रँकफर्टचे ७:५५ म्हणजे मुंबईचे दुपारी १२:२५. पहिलं उड्डाण ९ तास ३५ मिनिटांचं. तिथले १०:३० म्हणजे आपले दुपारचे ३, म्हणजे विमानतळावरचा थांबा २ तास ३५ मिनिटं. सॅन फ्रान्सिस्कोचे दुपारचे १२:४५ म्हणजे मुंबईत दुसऱ्या दिवशीचे पहाटे २:१५, दुसरं उड्डाण ११ तास १५ मिनिटांचं. तिन्हींची बेरीज २३ तास २५ मिनिटं. आता पडताळा: दादाचे ९ तास ५५ मिनिटं अधिक साडेतेरा तास, तेवढेच येतात. हे दोन आकडे जुळले नाहीत तर बेरीज-वजाबाकीत कुठेतरी चूक झाली असं समजा. मधल्या शहराचा फरकच चुकीचा धरला असेल तर ते मात्र या पडताळ्यात कळत नाही, तो वेगळा तपासा.

आईने सकाळची गोळी पहिल्या विमानात घेतली. रात्रीची गोळी पर्समध्ये नव्हतीच. उतरली तेव्हा विमानतळावरच्या घड्याळात दुपार होती, त्यामुळे "रात्रीची अजून व्हायचीय" असं ती मलाच सांगत होती, आणि मीही मान डोलावली. तिने गोळी घेतली ती इथल्या रात्री आठला, म्हणजे मुंबईच्या सकाळी साडेनऊला. दोन गोळ्यांमध्ये बारा तासांऐवजी साडेपंचवीस तास गेले. त्या रात्री तिला गरगरायला लागलं, ग्लुकोमीटरवर आकडा ३०० च्या वर होता. दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला आणि जे बोलायचं ते बोलले. तो म्हणाला, तिकिटावर होतं तेच मी वाचलं. ते खरं आहे, पण दोन गावांच्या वेळांची एकमेकींतून वजाबाकी केली त्याने. त्या उत्तराला काही अर्थ नसतो.

परतीच्या वेळी त्याने उलटा मुद्दा काढला. २० मार्चचं तिकीट होतं: सॅन फ्रान्सिस्कोहून दुपारी २:४०, फ्रँकफर्टला सकाळी ९:१० आणि पुढे बारीक +1, तिथून दुपारी १:१५, मुंबईला १:४० आणि पुढे +2. ही खूण म्हणजे निघाल्याच्या तारखेत एवढे दिवस मिळवा. आई २२ मार्चच्या पहाटे पोचणार होती. सरळ वजाबाकीने ३५ तास येतात, आणि दादा म्हणाला की येताना वारा उलटा असेल. वारा उलटा असतो तो जाताना! या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून मुंबई-फ्रँकफर्टला ९ तास ३५ मिनिटं लागली आणि फ्रँकफर्ट-मुंबईला ७ तास ५५ मिनिटं. वाऱ्याचा फरक एवढाच. बाकी जवळजवळ सगळा घड्याळाचा.

हे समजावल्यावर त्याने ३५ तासांतून साडेतेरा वजा करून साडेएकवीस सांगितले. पुन्हा चूक, आणि ही चूक अमेरिकेत राहणारेही करतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, २०२४ मध्ये ती तारीख १० मार्च होती. युरोपात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी होतं, त्या वर्षी ३१ मार्चला. मधल्या तीन आठवड्यांत सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तासच मागे होतं, आणि फ्रँकफर्ट अजून साडेचारच. म्हणून मुंबईच्या घड्याळात आई पहाटे ३:१० ला निघाली, दुपारी १:४० ला फ्रँकफर्टला उतरली, ५:४५ ला पुन्हा निघाली आणि पहाटे १:४० ला पोचली. साडेबावीस तास. तेव्हा फरक पाठ असला तरी तो त्या तारखेचा आहे का ते बघावंच लागतं. शरद ऋतूत उलट होतं: युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी.

त्या वेळी मी आईच्या पर्समध्ये चार गोळ्या ठेवल्या आणि एका कागदावर मुंबईच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून दिल्या. हातातलं घड्याळही मुंबईच्या वेळेवर लावून दिलं, बदलू नकोस म्हटलं. दादाला हे अती वाटलं. मला वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तुमच्या बाबांसाठी असाच कागद करा. पहाटेचं विमान असेल तर घरातून आदल्या संध्याकाळी निघायचंय हे त्यावर ठळक लिहा, म्हणजे विमानतळाच्या वाटेचे तासही मोजले जातील. पुण्याहून ते चार-पाच सहज होतात.

एक राहिलं. तिकिटावरची निघायची वेळ म्हणजे विमान गेटवरून हलतं ती, आणि पोचायची म्हणजे गेटला लागतं ती. वैमानिक विमानात कमी तास सांगतो ते फक्त हवेतले, त्यावर विसंबू नका. कंपनीच्या साइटवर एकूण वेळ बहुतेकदा लिहिलेली असते, ती आधी बघा. पण दोन वेगळी तिकिटं जोडली असतील तर ती प्रत्येक तिकिटापुरतीच असते, मधला थांबा तुम्हालाच मिळवावा लागतो. आणि बाबांना नियमित औषध असेल तर गोळ्यांच्या वेळा माझ्या आईवरून ठरवू नका. हे काढलेले तास त्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तसं करा, औषध मात्र हातातल्याच बॅगेत ठेवा.