एसएलए हातात आला की आधी घड्याळ शोधा

एसएलए म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील याची हमी देणारा, पुरवठादारासोबतचा करार. तो वाचताना नव्या मॅनेजरची नजर पहिल्यांदा ९९.९ टक्के या आकड्यावर जाते. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ साधारण ४३ मिनिटं बंद चालेल, एवढाच. पण हिशोब वर्षाचा असेल, तर तीच सूट पावणेनऊ तासांची होते, आणि ती एकाच दिवशी संपली तरी कराराचा भंग होत नाही. म्हणून मोजणी महिन्याची की वर्षाची, हे आधी बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घड्याळ कधी सुरू होतं. आमचं पगाराचं सॉफ्टवेअर ऐन ३० तारखेला सकाळी दहाला बंद पडलं, दोनला सुरू झालं. आम्ही नुसते फोन करत बसलो, तक्रारीचं तिकीट साडेअकराला टाकलं. करारात वेळ तिकिटापासून धरलेली, त्यामुळे चार तासांचे अडीच झाले. चार तास धरले असते तर सेवा ९९.५ च्या खाली जाऊन ४०,००० च्या मासिक बिलात १० टक्के सूट मिळाली असती. मिळाली ५ टक्के, म्हणजे २,०००. तीही ३० दिवसांत लेखी मागितली म्हणून. पगार अडकल्याची भरपाई त्यात नव्हतीच.

आणखी एक. ‘एका तासात प्रतिसाद’ म्हणजे तासाभरात कुणीतरी उत्तर देईल. दुरुस्तीची मुदत वेगळी लिहिलेली नसेल तर सही करण्याआधीच मागून घ्या.