छोट्या ट्यूबमध्ये ३.६६ का चालत नाही: ऑइल कूलरचं एक उदाहरण

प्रश्न: "रबाळ्याच्या आमच्या शॉपमध्ये ऑइल कूलरची टेस्ट घेतली. ४ पास, प्रत्येक पासमध्ये ३० ट्यूब, आतला व्यास १० मिमी, लांबी १ मीटर. व्हीजी ४६ तेल ट्यूबमधून, १४० एलपीएम, आत येताना ५२ अंश. शेलमध्ये पाणी ३२ अंश. फ्लो लॅमिनार आहे म्हणून नसेल्ट नंबर ३.६६ धरला, तर तेल जेमतेम १ अंश उतरायला हवं. प्रत्यक्षात साडेतीन अंश उतरतंय. मीटर चुकतायत की गणित?"

मीटर चुकत नाहीत. लॅमिनार हेही तुम्ही बरोबर ओळखलंत. गडबड आहे ती ३.६६ या आकड्यात, कारण तो तुमच्या ट्यूबला लागूच होत नाही. तो लागू व्हायला तुमची ट्यूब १ मीटरऐवजी साधारण ६५ मीटर लांब असायला हवी होती.

आधी हे ६५ मीटर कुठून आले ते बघू. व्हीजी ४६ तेलाची व्हिस्कॉसिटी ५० अंशांना साधारण ३० सेंटिस्टोक असते. १४० एलपीएम ३० ट्यूबमध्ये वाटलं की प्रत्येकीत वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास येतो आणि रेनॉल्ड्स नंबर सुमारे ३३०. इथपर्यंत तुम्हीही आला असाल. पण तेलाचा प्रांट्ल नंबरही काढा. घनता ८५०, विशिष्ट उष्णता २०००, उष्णतावाहकता ०.१३ धरली की तो ३९० च्या घरात जातो. पाण्याचा या तापमानाला ४ च्या आसपास असतो. सगळा फरक इथेच पडतो.

लॅमिनार प्रवाहात वेगाचा आराखडा स्थिरावायला लागणारी लांबी म्हणजे ०.०५ गुणिले रेनॉल्ड्स गुणिले व्यास. तुमच्या ट्यूबमध्ये ती १७ सेंटिमीटर भरते. तापमानाचा आराखडा स्थिरावायला हीच लांबी प्रांट्ल नंबरने गुणायची, म्हणजे सुमारे ३९० पट. म्हणून ६५ मीटर. तुमच्या ट्यूबमध्ये वेग पहिल्या वीतभर अंतरात स्थिरावतो, तापमान मात्र शेवटपर्यंत स्थिरावत नाही. ३.६६ हा आकडा दोन्ही आराखडे स्थिरावल्यानंतरचा आहे, तोही भिंतीचं तापमान सगळीकडे सारखं असताना. उष्णतेचा दर सारखा असेल तर ४.३६. दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत.

ट्यूबच्या आत काय चाललंय ते नजरेसमोर आणा. हेडरमधून तेल आत शिरतं तेव्हा ते सगळीकडे एकाच तापमानाचं असतं. भिंतीला टेकलेला पातळ थर लगेच गार होतो, आतल्या तेलाला अजून काही कळलेलंच नसतं. तेलाची उष्णतावाहकता इतकी कमी की हा गार थर आत सरकायला फार वेळ घेतो. तोंडापासून १ सेंटिमीटरवर त्याची जाडी मिलिमीटरचा सहावा भाग. मीटरभर पुढे, ट्यूबच्या दुसऱ्या टोकाशी, ती झालेली असते फक्त ०.८ मिमी. त्रिज्या ५ मिमी आहे, म्हणजे मधला मोठा भाग आत शिरला तसाच गरम बाहेर पडतो. उष्णतेला ओलांडायचा असतो तो हाच गार थर. तो जितका पातळ, तितका हीट ट्रान्सफर कोएफिशंट मोठा. तुमच्या ट्यूबमध्ये तो जाड व्हायच्या आतच ट्यूब संपते.

याचं गणित ग्रेट्झने १८८३ मध्ये मांडलं आणि छोट्या लांबीसाठी सोपं रूप लेव्हेकने १९२८ मध्ये दिलं. शॉपमधल्या कामाला सीडर-टेटचा १९३६ चा फॉर्म्युला पुरतो. त्यात ट्यूबची लांबी थेट येते:

```
Gz = Re * Pr * D / L = 333 * 392 * 0.01 / 1 ≈ 1306
Nu = 1.86 * Gz^(1/3) * (mu_b/mu_w)^0.14
   = 1.86 * 10.93 * 0.91 ≈ 18.5
h  = Nu * k / D = 18.5 * 0.13 / 0.01 ≈ 240 W/m2K
```

शेवटचं ०.९१ हे भिंतीजवळच्या गार, घट्ट तेलासाठी. भिंत ३५ अंशांच्या आसपास असेल, तिथे व्हिस्कॉसिटी जवळजवळ दुप्पट होते. तेल गार करताना ही दुरुस्ती विसरू नका, नाहीतर आकडा जवळपास दहा टक्के फुगतो.

३.६६ धरून तुम्हाला ४८ मिळाले असतील. खरा आकडा त्याच्या पाचपट. आता पाण्याच्या बाजूला २००० आणि थोडं फाउलिंग धरा, एकूण कोएफिशंट २०५ च्या आसपास येतो. १२० ट्यूबचं क्षेत्रफळ ३.७७ चौरस मीटर. पाणी भरपूर आहे, ते फारसं तापत नाही असं धरलं की तेल साडेतीन अंश उतरतं. तुमच्या टेस्टवरचाच आकडा.

यात एक गोष्ट सहज निसटते. वर लांबी मी १ मीटर धरली, ४ पासची मिळून ४ मीटर नाही. प्रत्येक पासच्या शेवटी तेल हेडरमध्ये येतं, ३० ट्यूबमधलं गार आणि गरम तेल तिथे मिसळतं आणि पुढच्या पासमध्ये शिरताना पुन्हा सगळीकडे एकच तापमान असतं. गार थर पुसला जातो आणि नव्याने वाढायला लागतो. म्हणून सीडर-टेटमध्ये एका पासची लांबी घालायची. ४ मीटर घातलीत तर कोएफिशंट १५० च्या घरात येईल आणि तुम्ही गरजेपेक्षा मोठा कूलर बांधाल. हेअरपिन यू-ट्यूब असेल तर मात्र मध्ये हेडर नसतो. बेंडमध्ये तेल थोडं घुसळतं, पण त्यावर भरवसा ठेवू नये, पूर्ण लांबीच धरावी.

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. वागळे इस्टेटमध्ये असताना असाच ४ पासचा, १ मीटरचा कूलर होता. बसवायची जागा लांबट आणि अरुंद निघाली, म्हणून मी तो २ पास आणि २ मीटर केला. ट्यूबची एकूण लांबी तीच, क्षेत्रफळ तेच, प्रत्येक ट्यूबमधला वेगही तोच. मला वाटलं काहीच बदललं नाही. कूलर चालू झाल्यावर उष्णता साधारण १८ टक्के कमी निघाली. दोन दिवस मी पाण्याची लाइन, गाळणी, एअर लॉक तपासत बसलो. कारण इतकंच होतं की लांबी दुप्पट झाली की सरासरी कोएफिशंट २ च्या घनमूळाने, म्हणजे १.२६ ने घटतो. २४० चे १९० झाले होते. ट्यूबच्या पहिल्या ३५ सेंटिमीटरमध्येच मीटरभरातली निम्मी उष्णता निघून जाते हे गणित मी तेव्हा मांडलं असतं, तर त्या जागेसाठी दोन छोटे कूलर मागे-पुढे लावले असते.

आता एका फसवणाऱ्या योगायोगाबद्दल. कुणी तुम्हाला डिटस-बोल्टर वापरायला सांगेल. रेनॉल्ड्स ३३३ ला तो टर्ब्युलंट प्रवाहाचा फॉर्म्युला लावणं चूक आहे, पण लावून बघा: नसेल्ट १४.४ येतो. १८.५ च्या तसा जवळ. "टेस्टशी बऱ्यापैकी जुळतंय की" म्हणून लोक तो ठेवून देतात आणि पुढच्या कूलरला अडकतात, कारण त्यात लांबी नाहीच आणि वेगाचा घात ०.८ आहे. तुमच्या ट्यूबमध्ये तो घात खरा एकतृतीयांश आहे. एका बिंदूवर जुळलेला आकडा काहीच सिद्ध करत नाही. दुसरा बिंदू घ्यावाच लागतो.

पाण्यासारख्या टर्ब्युलंट प्रवाहात हा परिणाम इतका तीव्र नसतो. तिथे तापमान १० ते ६० व्यासांच्या आत स्थिरावतं. लांबी-व्यासाचं गुणोत्तर २० असेल तर सरासरी कोएफिशंट साधारण १४ टक्के जास्त मिळतो, ५० असेल तर ७ टक्के. तेवढं बहुतेक जण मार्जिनमध्ये सोडून देतात आणि ते ठीकही आहे. तेल, ग्लिसरीन, गोडेतेल, पातळ सिरप यांच्यासाठी मात्र सोडता येत नाही. उलट टोकाला, फार लांब ट्यूब आणि अगदी मंद प्रवाह असेल तर सीडर-टेटचं उत्तर ३.६६ च्याही खाली जातं. तसं झालं तर ३.६६ धरायचं.

तुमच्या कूलरवर हे पक्कं करायचं असेल तर बायपास व्हॉल्व्हने प्रवाह ७० एलपीएमवर आणा. तेल ५२ आणि पाणी ३२ वरच ठेवा. तापमान स्थिरावायला अर्धा तास द्या आणि तेल किती उतरतं ते बघा. मी म्हणतो तसं असेल तर ५.४ अंशांच्या आसपास येईल. प्रवाह खरंच टर्ब्युलंट असता तर ४.२ आला असता. आणि कोएफिशंट वेगाने बदलतच नसता, म्हणजे आराखडे पूर्ण स्थिरावलेले असते, तर ६.४. तिन्हींत एकेक अंशाचा फरक आहे, त्यामुळे सेन्सर एकाच बॅचचे घ्या आणि आधी दोन्ही एकाच बादलीत बुडवून त्यांच्यातला फरक लिहून ठेवा.

आणि बाहेर जाणाऱ्या तेलाचा सेन्सर कुठे आहे ते बघा. तो शेवटच्या हेडरमध्ये ट्यूबशीटसमोर असेल तर ट्यूबमधून येणारा गरम गाभा थेट त्याच्यावर आदळतो आणि रीडिंग जास्त दाखवतो. हेडरनंतर एक-दोन एल्बो जाऊ द्या, तेल नीट मिसळू द्या आणि पॉकेट तिथे घ्या. ७० एलपीएमचं रीडिंग घेतलंत की इथेच टाका.