रात्री दोन पेग झाल्यावर झोपेसाठी व्हॅलेरियन किंवा मेलाटोनिनची गोळी घेतली तर चालते का? दोन्हींचा असर मिळून वाढतो का?

गुंगी वाढते, झोप वाढत नाही. गुंगी किती वाढेल हे गोळीत काय आहे त्यावर ठरतं, कारण व्हॅलेरियन आणि मेलाटोनिन हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

आधी व्हॅलेरियन या वनस्पतीचं बघू. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, चेतापेशींना थंड करणं हे त्याचं काम. दारू या गाबाचा जोर वाढवते, म्हणूनच पिणाऱ्याची जीभ जड होते आणि पाय लटपटतात. व्हॅलेरियनच्या मुळातलं व्हॅलेरेनिक ॲसिडही याच गाबाच्या रिसेप्टरवर काम करतं. म्हणजे दोन्ही एकाच दिशेला ढकलतात आणि असरांची बेरीज होणं साहजिक आहे. पण या बेरजेतल्या दोन संख्या सारख्या नाहीत. व्हॅलेरियनच्या अर्काचा रात्रीचा नेहमीचा डोस ३०० ते ६०० मिलिग्रॅम असतो, आणि त्याने झोप खरंच सुधारते का यावरच चाचण्यांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निद्रानाशासाठी व्हॅलेरियन आणि मेलाटोनिन दोन्ही न वापरण्याचाच कल दिला आहे. तेव्हा दोन पेगनंतर जे डोकं जड होतं त्यात मोठा वाटा दारूचाच, गोळी त्यात थोडी भर घालते. ही थोडीशी भर कुठे जाणवते? अंथरुणात नाही, तर मध्यरात्री बाथरूमला उठल्यावर. तोल जातो, पायरी चुकते. साठीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत मला या पडण्याचीच जास्त धास्ती वाटते.

व्हॅलेरियनचे थेंब घेत असाल तर आणखी एक गंमत. तो अर्क बहुतेक वेळा अल्कोहोलमध्येच काढलेला असतो. एका डोसात ते फार नसतं, पण दारू पूर्ण सोडलेल्या किंवा त्यासाठी डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्या माणसाला तेवढंही चालत नाही.

मेलाटोनिनची गोष्ट निराळी. ते गुंगीचं औषध नाही, ‘रात्र झाली’ असं शरीराला सांगणारं हार्मोन आहे. दारू गाबावर काम करते तसं ते करत नाही, त्यामुळे इथे सरळ बेरीज नसते. सुस्ती थोडी वाढते, पण मुख्य तोटा असा की गोळीचं काम दारू बिघडवून टाकते. दोन मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी मेलाटोनिनची गोळी मिळते, तिच्या माहितीपत्रकात दारूसोबत घेऊ नका असं लिहिलेलं असतं आणि कारणही तेच दिलेलं असतं: झोपेवरचा परिणाम कमी होतो.

कसा, ते एका रात्रीच्या हिशेबावर बघू. साठ मिलिलिटरचे दोन पेग, चाळीस टक्क्यांची दारू. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ३८ ग्रॅम. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम एवढंच निपटवतं. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबू, कशानेही तो वेग वाढत नाही. नऊला पहिला घोट घेतला आणि साडेदहाला ग्लास रिकामा झाला असं धरा. अकराला तुम्ही मेलाटोनिन घेता तेव्हा जवळपास निम्मं अल्कोहोल अजून अंगात आहे. झोप पटकन लागते, आणि माणूस त्याचं श्रेय गोळीला देतो. दारू पूर्ण उतरते एक ते अडीचच्या दरम्यान. मेलाटोनिनची साधी गोळी त्याआधीच ओसरायला लागलेली असते, कारण रक्तातलं त्याचं प्रमाण तासाभराच्या आतच निम्मं होतं. आता दारूने दाबलेला मेंदू उसळी घेतो. सुरुवातीला अडवलेली स्वप्नांची झोप घाईने परत येते, हृदयाचे ठोके वाढतात, घाम सुटतो, तोंड कोरडं पडतं आणि तीनच्या सुमारास डोळे टक्क उघडतात. त्या वेळी आवरून धरायला दोन्हींपैकी काहीच उरलेलं नसतं.

खरी चूक इथेच होते. ‘गोळीने काम केलं नाही’ असं वाटून माणूस पहाटे तीनला दुसरी गोळी घेतो. मग सकाळी सातला अंगात मेलाटोनिन असतं, डोकं जड असतं आणि गाडी चालवायची असते. शिवाय पहाटे मिळालेली ‘रात्र झाली’ ही सूचना शरीराचं घड्याळ पुढे ढकलू शकते, म्हणजे पुढच्या रात्री झोप आणखी उशिरा.

म्हणून प्यायलेल्या रात्री गोळी वगळावी, हे माझं सरळ मत. एका रात्रीचं मेलाटोनिन चुकलं तर काही बिघडत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची गरज नसते. अधूनमधूनच घेत असाल आणि तरी गोळी हवीच असेल, तर पहिल्या घोटापासून प्रत्येक मोठ्या पेगला तीन तास मोजा. सातला एक पेग घेतला तर दहानंतर गोळी ठीक. नऊला दोन घेतले तर गणित पहाटे तीनवर जातं, म्हणजे त्या रात्री नाहीच. बायकांनी आणि कमी वजनाच्या माणसांनी यात आणखी तासभर धरावा.

पण गोळी घेण्याआधी डबीची मागची बाजू वाचा, कारण ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या डबीत एकटं व्हॅलेरियनच असेल असं नाही. कावा ही वनस्पती दिसली तर दारूसोबत अजिबात नको, त्याने यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डायफेनहायड्रामिन किंवा डॉक्सिलामिन दिसलं तर ती वनस्पती नव्हे, ॲलर्जीची जुनी गुंगी आणणारी औषधं आहेत. इथे मात्र दारूशी बेरीज खरोखर मोठी होते. लेबलवरचा आकडाही फार मनावर घेऊ नका. मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, तपासून २०२३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यात २२ गमींचं लेबल चुकीचं निघालं, आणि एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं.

घोरणाऱ्यांना किंवा झोपेत श्वास थांबणाऱ्यांना हे मिश्रण जास्त महाग पडतं. दारूने घशाचे स्नायू सैल पडतात आणि गुंगीमुळे श्वास अडला तरी जाग लवकर येत नाही. रोज पिणाऱ्याने दारू थांबवली आणि झोप उडाली, हात थरथरतायत, घाम येतोय, तर व्हॅलेरियन त्यावरचा उपाय नाही. तो दारू तुटल्याचा त्रास आहे, त्यातून झटके येऊ शकतात. तिथे थेट डॉक्टर गाठायचा.

शेजारी झोपलेला माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही, रुग्णवाहिका बोलवा, एकट्याला सोडू नका, आणि गोळ्यांची डबी सोबत द्या. दारूचा वास डॉक्टरांना येईलच, गोळीत काय होतं ते मात्र डबी पाहूनच कळेल.