बाबा, गणेश आणि माय : संवादांतले परिच्छेद व स्वल्पविराम

प्रश्न : "गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी कथा लिहीत आहे. तिघे जण बोलत असले तर सगळे एकाच परिच्छेदात चालते का? आणि स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत द्यायचा की बाहेर?"

एकाच परिच्छेदात लिहू नये. बोलणारा बदलला की परिच्छेद बदलावा. स्वल्पविराम बोलण्याला लागून असेल तर तो आत द्यावा. यामागचे कारण एका उदाहरणातून पाहू. चिन्हांशिवाय लिहिलेला हा मजकूर घ्या :

बाबा वावरातून आले आणि म्हणाले डवरा कोठी ठेवला मी खोलीत ठेवला गणेश म्हणाला आधी जेऊन घ्या माय म्हणाली मंग पाहा डवरा.

यातला 'मी' कोण, हे पहिल्या वाचनात कळत नाही. मराठीत ही अडचण अधिक जाणवते, कारण दुसऱ्याचे बोलणे सांगतानाही आपण त्याचा 'मी' तसाच ठेवतो. 'गणेश म्हणाला की मी उद्या येतो' या वाक्यात येणारा गणेशच असतो, निवेदक नव्हे. शिवाय 'म्हणाला' हे क्रियापद बोलण्याच्या आधीही येते आणि नंतरही येते, त्यामुळे 'गणेश म्हणाला' हे शब्द मागच्या बोलण्याचे की पुढच्या, हे केवळ क्रमावरून ठरत नाही. आता तोच मजकूर असा लिहू :

बाबा वावरातून आले आणि म्हणाले, "डवरा कोठी ठेवला?"

"मी खोलीत ठेवला," गणेश म्हणाला.

"आधी जेऊन घ्या," माय चुलीजवळून म्हणाली, "मंग पाहा डवरा."

पहिल्या ओळीत 'म्हणाले' आधी आले आहे. तिथला स्वल्पविराम निवेदकाचा आहे, म्हणून तो अवतरणचिन्ह उघडण्यापूर्वी येतो. दुसऱ्या ओळीत गणेशचे वाक्य संपले असले, तरी 'गणेश म्हणाला' हे शब्द त्याच वाक्याला जोडलेले असल्यामुळे पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम येतो आणि तो बोलण्याला चिकटून चिन्हाच्या आत राहतो. पूर्णविराम 'म्हणाला' नंतर द्यावा. प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह मात्र बदलत नाही आणि त्याच्यापुढे स्वल्पविरामही लागत नाही. "डवरा कोठी ठेवला?" बाबांनी विचारले, एवढे पुरते.

तिसरी ओळ नीट पाहण्यासारखी आहे. माय एकच वाक्य दोन तुकड्यांत बोलते, म्हणून 'म्हणाली' नंतर स्वल्पविराम आहे. तिने दोन स्वतंत्र वाक्ये उच्चारली असती, तर तिथे पूर्णविराम आला असता :

"आधी जेऊन घ्या," माय चुलीजवळून म्हणाली. "डवरा काई पयून नाई जात."

कोणते चिन्ह द्यावे याची शंका आली, तर मधले 'माय म्हणाली' झाकून दोन्ही तुकडे सलग मोठ्याने वाचावेत. आवाज जिथे पूर्ण थांबतो तिथे पूर्णविराम द्यावा, जिथे नुसता टेकतो तिथे स्वल्पविराम द्यावा.

बोलण्यानंतर 'असे' आले, तर स्वल्पविराम देणारेही आहेत आणि गाळणारेही. मी गाळतो, कारण मागचे बोलणे 'म्हणाला'शी जोडण्याचे काम 'असे' स्वतःच करते. मोडी लिखाणात विरामचिन्हे जवळजवळ नसत, तेव्हा 'ऐसे' आणि 'म्हणोन' हेच शब्द बोलणे संपल्याची खूण देत असत. आपण कोणतीही पद्धत धरा, पण एका कथेत एकच ठेवा.

एखादा शब्द नुसता दाखवण्यासाठी एकेरी अवतरणचिन्हांत घातला असेल, तर स्वल्पविराम बाहेर द्यावा, जसे : 'डवरा', 'वखर' आणि 'तिफन' हे शब्द आपल्याकडे घरोघरी आहेत. इथे कोणी बोलत नाही, विराम लिहिणाराचा आहे. प्रश्नचिन्हालाही हाच न्याय लागू पडतो. गणेश खरेच "मी येतो" असे म्हणाला का? यात विचारणारा निवेदक आहे, म्हणून चिन्ह शेवटी येते.

परिच्छेदाच्या बाबतीत सर्वांत जास्त चूक कृतीच्या वाक्यांत होते. गणेशचे बोलणे झाल्यावर 'बाबांनी टोपी खुंटीला अडकवली' हे वाक्य त्याच परिच्छेदात जोडले, की पुढचे बोलणे गणेशचे की बाबांचे, हे समजेनासे होते. ज्याची कृती, तिला त्याच्याच परिच्छेदात ठेवावे. तसे केले की प्रत्येक वेळी 'म्हणाले' लिहिण्याचीही गरज उरत नाही :

बाबांनी टोपी खुंटीला अडकवली. "वाढ मंग."

दोघेच बोलत असतील, तर चार-पाच ओळी नावांशिवायही चालतात. तिसरा माणूस आला की नाव किंवा कृती द्यावीच लागते.

आपल्या भागात एक गोष्ट आणखी जपावी लागते. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणे वऱ्हाडीत असेल, तर अवतरणचिन्ह हा त्या दोन बोलींमधला धुरा, म्हणजे बांध असतो. बंद करणारे चिन्ह विसरले, तर 'कोठी' आणि 'पयून' निवेदकाच्या तोंडी जातात आणि हस्तलिखित तपासणारा ते शब्द अशुद्ध समजून बदलून टाकतो. म्हणून मजकूर देण्यापूर्वी प्रत्येक परिच्छेदात जितकी चिन्हे उघडली तितकीच बंद झाली आहेत का, हे एकदा मोजून पाहावे. अपवाद एकच : एकाच माणसाचे लांब बोलणे अनेक परिच्छेदांत चालले असेल, तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी चिन्ह उघडावे आणि बंद मात्र शेवटच्या परिच्छेदाअखेर करावे.