'म्हणे' खोडलं, पण 'असावी' त्याहून वाईट

"गोदामात आमचे एक सहकारी शिडीवरून पडले. मी तेव्हा तिथे नव्हते, दोघांकडून ऐकलं. घटनेची नोंद लिहिताना मी 'शिडीची पायरी तुटली म्हणे' असं लिहिलं. वरिष्ठांनी 'म्हणे' खोडलं, त्यातून अविश्वास दिसतो म्हणाले. मग मी 'तुटली असावी' केलं. हे बरोबर आहे का? ऐकलेलं हे ऐकलेलंच आहे, असं मराठीत कसं लिहायचं?"

'असावी' आधी काढून टाका. 'पायरी तुटली असावी' म्हणजे कुणी काही सांगितलेलं नाही, खुणा पाहून तुम्हीच तर्क केलात. उद्या कुणी विचारलं, की हा अंदाज कशावरून बांधलात, तर तुमच्याकडे उत्तर नसेल, कारण तो तुमचा अंदाज नव्हताच. ऐकलेली गोष्ट नरम करून लिहायची म्हणून 'असावी' वापरणारे खूप जण आहेत. त्यात नरमपणा येतो खरा, पण माहिती कुठून आली तेच बदलून जातं.

आता 'म्हणे'. हे 'म्हणणे' या क्रियापदाचं जुनं वर्तमानकाळी रूप. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' यांतलं 'म्हणे' तेच, अर्थ 'म्हणतो'. आज क्रियापद म्हणून ते भूतकाळातल्या सवयीसाठी उरलंय: आजी म्हणे, आजोबा म्हणत. ऐकीव गोष्टीला लागणारं 'म्हणे' मात्र गोठलेलं आहे, ते कर्त्याप्रमाणे बदलत नाही. 'आजोबा आजारी होते म्हणे' यात आजोबा काही म्हणालेले नाहीत, म्हणून तिथे 'म्हणत' होत नाही. कोण म्हणालं हे त्या शब्दातून पूर्ण पुसलं गेलंय. उरलंय एवढंच, की हे माझं नव्हे, कानावर आलेलं आहे.

त्यात अविश्वास असतोच असं नाही. 'मी लहानपणी म्हणे फार रडायचे' असं आपण सहज बोलतो. स्वतःचंच बालपण, आठवत नाही, घरच्यांनी सांगितलं. शंका कसलीच नाही. 'तुम्ही म्हणे घर बदलताय?' हा तर ऐकलेलं ज्याचं त्यालाच विचारून पक्कं करून घेणारा प्रश्न. अविश्वास येतो तो सुरातून आणि जागेतून. 'ते आजारी आहेत म्हणे' हे साधं सांगणं आहे. 'म्हणे आजारी आहेत!' यात टोमणा ऐकू येतो. कागदावर सूर नसतो, वाचणारा स्वतःचा सूर लावतो. म्हणून वरिष्ठांचं कारण मला अर्धंच पटतं, पण नोंदीतून 'म्हणे' काढलं हे ठीकच झालं.

माझ्या मते नोंदीत 'म्हणे' नको याची खरी कारणं दुसरी आहेत. एक म्हणजे सांगणारा कोण ते त्यातून कळत नाही. दुसरं, ते कुठपर्यंत लागू आहे हे कळत नाही. बोलताना आपण एकदा 'म्हणे' म्हणतो आणि पुढची चार वाक्यं ऐकणारा त्याच छत्राखाली धरतो. लिहिताना मात्र 'पायरी तुटली म्हणे. ते पाठीवर पडले. शिडी कुणी धरली नव्हती.' यातलं पहिलं वाक्य ऐकीव राहतं आणि उरलेली दोन तुमची साक्ष होऊन बसतात.

मग काय वापरायचं? सांगणाऱ्याचं नाव किंवा काम आणि 'सांगितले'. 'सांगणे' हे क्रियापद कुणाची बाजू घेत नाही. 'दावा केला' लिहिलंत तर तुम्ही शंका घेतलीत, 'कबूल केले' लिहिलंत तर ते खरं मानून वर दोषही दिलात. 'कळले'ही जपून वापरा, ते दिसतं त्यापेक्षा जड आहे. 'ते पडल्याचे ऐकले, पण ते पडलेच नव्हते' हे वाक्य सरळ चालतं. 'ऐकले'च्या जागी 'कळले' घालून बघा, वाक्य अडखळतं, कारण 'कळले' म्हटलं की गोष्ट घडलीच असं आपण धरून चालतो. बातम्यांतलं 'पडल्याचे समजते' सैल आहे खरं, पण त्यातही कुणाकडून समजलं ते झाकलेलंच राहतं.

एक धोका मराठीत खास आहे, तो सर्वनामाचा. आपण दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत उचलतो: 'मदतनिसाने सांगितले की मी शिडी धरली नव्हती.' यातला 'मी' मदतनीस, की नोंद लिहिणाऱ्या तुम्ही? बोलताना प्रसंगावरून कळतं. सहीच्या कागदावर असं वाक्य तुमच्या अंगाशी येऊ शकतं. 'त्याने' लिहिलंत तर तो पडलेला माणूस, मदतनीस की तिसराच, असा नवा घोळ होतो. यासाठी मराठीजवळ 'आपण' आहे: 'आपण शिडी धरलेली नव्हती, असे मदतनिसाने सांगितले.' इथे 'आपण' म्हणजे बोलणारा, म्हणजे मदतनीसच. मला हा 'आपण' फार मोलाचा वाटतो. आणि 'की'ने सुरुवात करण्यापेक्षा 'असे… सांगितले'ने वाक्य बंद केलं, तर कुणाचं बोलणं कुठे संपलं तेही दिसतं.

तुम्ही दोघांकडून ऐकलंत. एक रखवालदार आणि एक मदतनीस असं धरून नोंद अशी करता येईल:

'घटनेच्या वेळी मी गोदामात नव्हते. खालील माहिती त्याच दिवशी रखवालदार व मदतनीस यांनी मला सांगितली. आवाज ऐकून आपण आत गेलो तेव्हा सहकारी जमिनीवर पडलेले होते, ते पडताना आपण पाहिले नाही, असे रखवालदाराने सांगितले. चढताना शिडीची खालून तिसरी पायरी तुटली आणि ते पाठीवर पडले, असे मदतनिसाने सांगितले. त्या वेळी आपण शिडी धरलेली नव्हती, असेही त्याने सांगितले. संध्याकाळी मी शिडी पाहिली. तिची तिसरी पायरी मधोमध तुटलेली होती.'

शेवटची दोन वाक्यं तुम्ही स्वतः शिडी पाहिली असेल तरच लिहा. आणि त्यातलं क्रियापद बदलू नका. 'पायरी तुटली' ही घटना आहे, ती मदतनिसाने पाहिली. 'पायरी तुटलेली होती' ही स्थिती आहे, तुम्ही पाहिली ती फक्त स्थिती. ती त्या क्षणी तुटली की आदल्या दिवशीच तुटलेली होती, हे तुमच्या वाक्यातून निघत नाही, आणि निघताही कामा नये. रखवालदाराच्या तोंडी 'पडले' न घालता 'पडलेले होते' ठेवलंय तेही याचसाठी. तुमचा मूळ मसुदा याच नजरेने पुन्हा वाचा: जिथे '-ली' किंवा '-ले' आहे तिथे ते पाहणारा माणूस कोण, हे त्याच वाक्यात सापडतंय का ते बघा.