निबंधात विरोधी बाजू नीट मांडून मग उत्तर कसं द्यायचं?

प्रश्न: कांदा निर्यातबंदीच्या विरोधात निबंध लिहितेय. विरोधकांचा परिच्छेद असा आहे: "काही शहरी लोकांना कांदा फुकटात हवा असतो. पण त्यांना शेतकऱ्याचे कष्ट काय माहीत?" मॅडम म्हणतात एकतर्फी आहे, परत लिही. पण समोरच्याची बाजू मीच का मजबूत करायची?

उत्तर: मी पण नाशिकचाच, घरी कांदा आहे, त्यामुळे राग समजतो. पण तुमच्या परिच्छेदात समोरच्याचं म्हणणंच नाहीये हो, फक्त त्याचा स्वभाव आहे. "फुकटात हवा असतो" असं कुणी स्वतःहून म्हणत नाही. त्यामुळे तुमचं उत्तर कुणालाच लागत नाही, आणि ज्याला बंदी बरोबर वाटते तो वाचक तिथेच निबंध बाजूला ठेवतो, म्हणजे ज्याला पटवायचं होतं तोच गेला.

आधी भाषा दुरुस्त करायला जाऊ नका. "काही लोक", "म्हणे", "गैरसमज" असे शब्द काढले की परिच्छेद सभ्य दिसतो पण पोकळच राहतो. खरी उणीव 'कारण'ची आहे. बंदी हवी असं म्हणणारा का म्हणतो, ते त्याच्या सगळ्यात भक्कम कारणासकट लिहायचं, आणि लिहिताना मध्ये "पण" घुसवायचा नाही. मी असं लिहिलं असतं:

"बंदीच्या बाजूचा वजनदार मुद्दा वेळेचा आहे. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि कांदाचाळीत साठवलेला तोच माल ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुरवावा लागतो. पावसामुळे खरिपाचा लाल कांदा लांबला की मधे खड्डा पडतो. भाव चढला तरी घरोघरी कांदा लागतोच, म्हणून थोड्या तुटीनेही भाव झपाट्याने वर जातो आणि रोजंदारीवरच्या घराला पहिली झळ बसते. अशा वेळी माल देशात ठेवायचा सगळ्यात झटपट उपाय म्हणजे बंदी."

आता गंमत बघा, "कष्ट काय माहीत" हे उत्तर याला चालतच नाही. कष्टाबद्दल वादच नाहीये, वाद आहे तो भाववाढीचा भार कुणी उचलायचा यावर. मग उत्तरही तिथूनच सुरू करायचं, आणि जे मान्य आहे ते आधी मान्य करून टाकायचं:

"भाव चढतो आणि गरिबाला झळ बसते हे खरं. पण 8 डिसेंबर 2023 ला बंदी आली तेव्हा लाल कांदा बाजारात यायला लागला होता. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही, भाव पडला तरी विकावाच लागतो. ग्राहकाला दिलासा देण्याचा भार अशा वेळी थांबूच न शकणाऱ्या शेतकऱ्यावर पडतो."

लाल कांदा टिकत नाही हे लासलगाव-पिंपळगावच्या कुणालाही सांगावं लागत नाही, पण मुंबईच्या वाचकाला लागतं, आणि सगळं उत्तर त्या एका वाक्यावर उभं आहे, त्यामुळे ते गाळू नका.

बहुतेक जण इथे थांबतात. तुम्ही एकदा समोरच्याच्या खुर्चीत बसून हे उत्तर वाचा. तो म्हणेल, बंदी काय पहिल्याच दिवशी आणली नव्हती, ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, ऑक्टोबरअखेरीस टनाला 800 डॉलरची किमान निर्यात किंमत ठरवली, सरकारी बफर स्टॉकमधला कांदा 25 रुपये किलोने विकला, तरी भाव आटोक्यात आला नाही म्हणून बंदी. हे सगळं खरं आहे आणि निबंधात नसेल तर लपवल्यासारखं दिसतं. तेव्हा त्याच्या परिच्छेदात "आधीचे उपाय करून झाल्यावरच" एवढे शब्द तरी टाका.

ते टाकले की तुमच्या मूळ दाव्यावर ताण येतो. "निर्यातबंदी कधीच नको" हे आता टिकणं अवघड आहे. पण "लाल कांद्याची आवक सुरू असताना पूर्वसूचनेशिवाय बंदी नको, आणि लावलीच तर पडलेल्या भावाची भरपाई द्या" हे टिकतं. मग निबंधाचं पहिलं वाक्यही तसंच बदला, नाहीतर वर एक दावा आणि खाली दुसऱ्याच दाव्याचा बचाव असं होतं, आणि मॅडम परत लाल पेन काढतील.

लांबीचं म्हणाल तर विरोधी बाजूला पाच-सहा वाक्यं पुरे, तुमचं उत्तर त्याहून थोडं मोठं असलं तरी चालतं. आणि "शहरी लोक" हा शब्द तेवढा काढाच, कारण नाशिकच्या सिडकोत राहणारा आणि रोज पाव किलो कांदा घेणारा मजूरही शहरीच आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या गावाकडे कांदाच लावलेला असतो.